कॅमेऱ्यासमोर बुजणाऱ्या जोडप्याचे कँडिड फोटो : नव्या फोटोग्राफरसाठी पहिल्या भेटीपासून फोटो निवडण्यापर्यंत

लग्नाचे फोटो काढायला नुकतीच सुरुवात केलेले बरेच जण जोडप्याला हमखास एक आश्वासन देतात. "तुम्ही फक्त मजा करा, मी आहे हे तुमच्या लक्षातही येणार नाही, फोटो आपोआप नैसर्गिक येतील." जे दोघं मुळात मोकळे असतात त्यांच्या बाबतीत हे खरं ठरतं. जे बुजतात त्यांच्या बाबतीत नाही. कॅमेऱ्याची धास्ती असलेल्या माणसाला कॅमेरा कुठे आहे हे सतत जाणवत असतं, आणि तो दिसेनासा झाला की नजर त्याला शोधत राहते. लांब लेन्स लावून खांबाआड उभं राहिलात तर तुम्हाला मिळतात ते इकडेतिकडे बघणारे, सावध चेहरे.

म्हणून आश्वासन असं द्या की जे पाळणं तुमच्या हातात आहे. मी जोडप्यांना तीन गोष्टी सांगतो. लग्नाआधी एकदा भेटून पाऊण तास फोटो काढू. लग्नाच्या दिवशी अर्धा तास तुम्हा दोघांना एकटं मिळेल, आसपास कुणी नसेल. आणि काय करायचं ते मी सांगेन, चेहरा कसा ठेवायचा ते कधीच सांगणार नाही. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. बुजणाऱ्या माणसाला "नॅचरल राहा" म्हटलं की तो आणखी आखडतो, कारण तेवढंच त्याला जमत नसतं. "तिच्या बाहीचं बटण लावून दे" म्हटलं तर तो बटण लावतो, आणि लावता लावता स्वतःच्या चेहऱ्याला विसरतो.

पहिली भेट : नावडते फोटो मागवा

पहिल्या भेटीत आवडलेले फोटो सगळेच विचारतात. तुम्ही नावडते मागा. "स्वतःचा कुठला फोटो अजिबात बघवत नाही? फोनमध्ये असेल तर दाखवा." लोक आनंदाने दाखवतात, आणि बहुतेक वेळा दोष चेहऱ्याचा नसतो. फोटो हातभर अंतरावरून काढलेला असतो, त्यामुळे नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. किंवा डोक्यावरच्या दिव्याने डोळ्यांखाली काळं आलेलं असतं. किंवा कुणीतरी फोन हातात धरून चाचपडत असताना बिचाऱ्याने हसू दहा सेकंद धरून ठेवलेलं असतं. हे त्या फोटोवर बोट ठेवून दाखवा. तुम्ही दोन मीटरवरून, बाजूच्या उजेडात, हसू न मागता फोटो काढणार आहात हे सांगितलं की निम्मी भीती तिथेच सैल होते.

आरशाची गोष्टही इथेच सांगायची. आपण स्वतःला रोज आरशात, म्हणजे डावं-उजवं उलटलेलं बघतो. फोटोत भांग दुसऱ्या बाजूला जातो, किंचित तिरकी भुवई उलट दिशेला तिरकी होते, आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. १९७७ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका मानसशास्त्रीय अभ्यासात माणसांना स्वतःचा आरशासारखा उलटा फोटो जास्त आवडला, तर त्यांच्या जवळच्या माणसांना सुलटा. फोनच्या एडिटमध्ये जाऊन त्यांचाच फोटो आडवा उलटून दाखवा. "हा बरा आहे" असं म्हणणारे खूप भेटतात. मग त्यांना सांगा की ज्याच्याशी लग्न करताय त्याला तुम्ही सुलटेच ओळखीचे आहात आणि तसेच आवडता.

शेवटी एक प्रश्न : "कॅमेऱ्यासमोर अवघडता, की कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या लोकांसमोर?" हा फरक नीट काढून घ्या. बऱ्याच जणांची अडचण लेन्स नसतेच. फोटोग्राफरच्या खांद्यामागून "अरे जवळ ये ना, लाजतोस काय" म्हणणारे नातेवाईक ही खरी अडचण असते. तसं असेल तर त्यावर उपाय लेन्स बदलण्याचा नाही, दार लावून घेण्याचा आहे. चारचौघांत एकमेकांना स्पर्श करणं चालतं का, तेही विचारून लिहून ठेवा. नको असेल तर त्या दिवशी आग्रह करायचा नाही.

सरावाचं शूट

इथे एका जोडप्याचं उदाहरण सविस्तर सांगतो, कारण यात जवळजवळ सगळं येतं. कॅमेरा वर गेला की तो जबडा आवळायचा आणि श्वास रोखायचा. ती ओठ आत दाबून घ्यायची आणि प्रत्येक क्लिकनंतर माझ्याकडे बघायची, बरोबर आलं का या नजरेने. दोघांना पाऊलभर अंतरावर समोरासमोर उभं केलं असतं तर दोन पुतळे मिळाले असते.

सुरुवात चालण्याने केली. मी सहा-सात मीटरवर ८५ एमएम लेन्स घेऊन थांबलो आणि म्हणालो, "त्या टोकापासून माझ्या बाजूने निघून जा, माझ्याकडे बघायचं कारण नाही." पहिल्या फेरीत दोघं संचलनात असल्यासारखे चालले. तरीही मी फोटो काढत राहिलो. हे फोटो वापरायचे नसतात. शटरचा आवाज कानाला सरावावा म्हणून ते काढायचे असतात. तिसऱ्या फेरीला दोघांची पावलं जुळली, आणि चौथ्या फेरीला त्यांनी आपणहून बोलायला सुरुवात केली.

मग प्रश्न. प्रश्न असा हवा की ज्याचं दोघांचं उत्तर वेगळं असेल. मी विचारलं, "पहिल्यांदा ठरवून भेटलात तेव्हा उशीर कुणी केला?" दोघं एकदम म्हणाले, "हिने," "याने." इथून पुढे माझी गरज उरली नाही. ते एकमेकांना पटवून द्यायला लागले आणि बोलताना त्याचा जबडा सुटला, कारण बोलणारा माणूस दात आवळून ठेवू शकत नाही. "तुमचं प्रेम कसं जुळलं" असले मोठे प्रश्न टाळा. त्यांना सगळे भाषणातलं उत्तर देतात, आणि तेही तुमच्याकडे बघून.

तिचं ओठ दाबणं मात्र सुटत नव्हतं. त्यावर हातांना काम दिलं. त्याच्या शर्टाची कॉलर मागून मुडपली होती, ती नीट करायला सांगितली. दोन्ही हात वर गेले, मान थोडी वाकडी झाली, लक्ष कॉलरवर गेलं आणि ओठ आपोआप मिटल्या-उघडल्या अवस्थेत आले. रिकामे हात हे अवघडलेपणाचं पहिलं ठिकाण आहे. अंगठे मुठीत लपतात, बोटं ताठ होतात, आणि ते पुढे खांद्यापर्यंत चढतं. हातांना काम मिळालं की खांदे स्वतःहून उतरतात. उभं राहताना वजन एका पायावर टाकायला सांगितलं तरी कमरेपासूनचा ताठपणा जातो.

खरं हसू ओळखायला डोळ्यांच्या खालच्या पापणीकडे बघा. फ्रेंच डॉक्टर ड्युशेन यांनी १८६२ मध्येच नोंदवून ठेवलं आहे की आनंदाच्या हसण्यात ओठांबरोबर डोळ्यांभोवतीचा स्नायूही आकसतो, आणि तो हुकमावर हलवणं कठीण असतं. गाल वर येतात, खालची पापणी किंचित फुगते. सांगून आणलेल्या हसण्यात नुसती तोंडाची रुंदी वाढते. दुसरी खूण वेळेची. ओढून आणलेलं हसू पटकन उमटतं, तसंच गोठून राहतं आणि पटकन पुसलं जातं. खरं हसू चढतं आणि हळूहळू ओसरतं. म्हणून मोठ्याने हसण्याच्या ऐन शिखरावर फोटो घेण्याची घाई करू नका. तिथे डोळे मिटलेले आणि तोंड वेडंवाकडं असण्याची शक्यता जास्त. हसू ओसरत असताना, दोघं एकमेकांकडे बघत श्वास सोडतात तो एक-दोन सेकंदांचा वेळ धरा. बुजणाऱ्या जोडप्यांचे उत्तम फोटो मला बहुतेक तिथेच मिळतात.

"झालं, छान" असं तुम्ही म्हटल्यावर नेमका हाच श्वास सुटतो. काही जण हे शब्द म्हणून गुपचूप फोटो काढत राहतात. मला हे फसवून केलेलं आवडत नाही. मी आधीच सांगून ठेवतो की मी झालं म्हटलं तरी कॅमेरा थोडा वेळ डोळ्याला असेल. सांगूनही परिणाम तोच होतो आणि विश्वास शाबूत राहतो.

तिच्या माझ्याकडे बघण्यावर एकच उपाय केला. एक चांगला फोटो मिळाल्यावर तो मागच्या स्क्रीनवर दाखवला, फक्त तो एक. त्यानंतर शूट संपेपर्यंत स्क्रीन दाखवली नाही. दर पाच मिनिटांनी दाखवलं तर माणूस स्वतःला तपासायला लागतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते.

आठवड्याच्या आत या शूटमधले पंधरा-वीस फोटो पाठवा आणि कुठले आवडले ते विचारा. त्या जोडप्याने निवडलेल्या फोटोंत तिचे दात दिसणारे हसरे फोटो होते, त्याचे एका बाजूने घेतलेले होते, आणि थेट लेन्सकडे बघणारा एकही नव्हता. लग्नाच्या दिवशी कुठे उभं राहायचं याचं उत्तर मला तिथेच मिळालं.

दिवसाचं वेळापत्रक

दोघांचा अर्धा तास कुठे ठेवायचा हा खरा निर्णय. बुजणाऱ्या जोडप्यासाठी मी तो विधी झाल्यानंतर आणि ग्रुप फोटोंच्या आधी ठेवतो. विधीपूर्वी डोक्यात वेळेची काळजी असते, कोण आलं, कोण राहिलं हे चालू असतं. विधी झाल्यावर अंगातला ताण एकदम उतरतो. आणि ग्रुप फोटोंनंतर गाल दुखायला लागलेले असतात. चाळीस वेळा पाहुण्यांसाठी हसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर त्या दिवसापुरतं हसू शिल्लक राहत नाही. अडचण फक्त उजेडाची. त्या तारखेचा सूर्यास्त आधी बघून ठेवा. विधी संपेपर्यंत अंधार होणार असेल तर अर्ध्या तासातली पंधरा मिनिटं आधी आणि पंधरा नंतर अशी विभागणी करा.

ग्रुप फोटोंची यादी आधी लेखी घ्या. एका ग्रुपला तीन मिनिटं धरा, म्हणजे दहा ग्रुपना अर्धा तास. यादी घरातल्या अशा माणसाच्या हातात द्या ज्याला दोन्हीकडचे चेहरे ओळखता येतात आणि ज्याचा आवाज पोचतो. याच माणसाला दोघांच्या अर्ध्या तासात दारापाशी उभं करा. पाहुण्यांना "दोघं दहा मिनिटांत येतायत" हे वाक्य फोटोग्राफरने सांगितलेलं चालत नाही, घरच्याने सांगितलेलं चालतं.

जागा आदल्या दिवशी, निदान दोन तास आधी बघा. मोठी खिडकी आणि तिच्या बाजूला माणूस उभा राहील एवढी मोकळी भिंत, एवढं पुरतं. खोलीतले दिवे बंद करा. खिडकीचा निळसर उजेड आणि बल्बचा पिवळा एकाच चेहऱ्यावर पडला तर एक गाल निळा आणि एक नारिंगी होतो, आणि नंतर व्हाइट बॅलन्स कसाही फिरवला तरी दोन्ही एकदम नीट होत नाहीत. उजेड आधीच लावून ठेवलेला असेल तर ऐन वेळी "जरा डावीकडे, अजून थोडं, हनुवटी खाली" असं म्हणावं लागत नाही. अशा प्रत्येक वाक्यागणिक बुजणारा माणूस थोडा थोडा मिटत जातो.

कॅमेरा गप्प करा

मेनूत जाऊन तीन गोष्टी आधी बंद करा : फोकसची बीप, फोकसला मदत करणारा पुढचा दिवा, आणि फोटो काढल्यावर स्क्रीनवर आपोआप दिसणारं चित्र. अंधाऱ्या सभागृहात तो छोटा दिवा डोळ्यावर चमकला की समोरचे सगळे तुमच्याकडे बघतात.

आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर मोहात पाडतं, पण एलईडी दिव्यांखाली ते जपून वापरा. फोटोवर आडवे उजळ-गडद पट्टे आले तर समजा की दिव्यांची लुकलुक पकडली गेली आहे. स्क्रीन झूम करून बघितल्याशिवाय ते लक्षात येत नाही, म्हणून सभागृहात शिरल्यावर पहिला फोटो यासाठीच काढा. पट्टे दिसले तर मेकॅनिकल शटरवर या. वीज ५० हर्ट्झची असेल तिथे १/१०० आणि ६० हर्ट्झची असेल तिथे १/१२० शटर ठेवल्यानेही ते बरेच कमी होतात, पण मग हलणारी माणसं पुसट येतात.

बाकी आकडे थोडेच. चालणाऱ्या किंवा वळणाऱ्या माणसांसाठी १/२५०, मिठी आणि मोठ्या हसण्यासाठी १/५००. दोघं एका फ्रेममध्ये असताना अ‍ॅपर्चर एफ/२.८ च्या आसपास. एफ/१.४ वर जवळून फोटो काढला तर एकाचे डोळे स्पष्ट येतात आणि पाऊलभर मागे असलेल्याचे मऊ होतात, आणि घरी मोठ्या स्क्रीनवर बघेपर्यंत ते कळत नाही. आयएसओ वाढला तर वाढू द्या. दाणेदार पण खरा फोटो लोक छापून घेतात, हललेला घेत नाहीत. कंटिन्युअस मोड सावकाश गतीवर ठेवा. सेकंदाला वीस फ्रेमचा खडखडाट बुजणाऱ्या माणसाला सहन होत नाही.

विधी चालू असताना

इथे तुम्ही कुणाला काहीच सांगू शकत नाही, म्हणून जागा निवडण्याला महत्त्व. माणसांची नजर हालचालीकडे जाते. एका ठिकाणी दहा मिनिटं शांत बसलेला फोटोग्राफर तीन मीटरवर असला तरी लोक त्याला विसरतात. पंधरा मीटरवर सतत येरझाऱ्या घालणारा मात्र दिसतच राहतो. फ्रेंच फोटोग्राफर आँरी कार्तिए-ब्रेसाँ रस्त्यावर बहुतेक काम ५० एमएम लेन्सनेच, म्हणजे माणसांच्या बऱ्यापैकी जवळून करत, आणि कॅमेऱ्याचा चकाकणारा भाग काळ्या चिकटपट्टीने झाकत. तेही लपत नव्हते, फक्त लक्ष वेधून घेत नव्हते. गडद, साधे कपडे घाला आणि विधी सुरू होण्याआधीच जागेवर बसा.

महत्त्वाचा क्षण झाला की लगेच स्क्रीन बघायला खाली मान घालू नका. त्यानंतरच्या तीन-चार सेकंदांत आई-वडिलांच्या चेहऱ्यावर जे येतं ते जोडप्याला स्वतःला कधीच दिसलेलं नसतं.

आखडलेले आहेत हे कसं कळेल, आणि मग काय

खुणा ठरलेल्या आहेत. प्रत्येक क्लिकला तुमच्याकडे नजर. खांदे कानांकडे. प्रश्नाला एका शब्दात उत्तर. दोघांपैकी एकजण दुसऱ्याला "नीट हस ना" म्हणायला लागतो, ही सगळ्यात वाईट खूण. अशा वेळी आणखी कल्पना लढवू नका. कॅमेरा खाली ठेवा, गळ्यात लटकत ठेवू नका, टेबलावर ठेवा. पाणी प्यायला द्या. पाच मिनिटं दुसरंच काही बोला. मग दोघांना समोरासमोर नको, शेजारी शेजारी बसवा, एकाच दिशेला बघतील असं, आणि पाठीमागून किंवा हातांपासून सुरू करा. चेहरा फ्रेममध्ये नाही हे कळल्यावर माणसं सैल होतात. तिथून हळूहळू बाजूला आणि मग पुढे या.

काही जण तरीही मोकळे होत नाहीत, आणि त्यांच्यावर कँडिड लादू नये असं माझं ठाम मत आहे. त्यांना स्पष्ट सूचना हव्या असतात. खिडकीशी उभं करा, हात कुठे ठेवायचा ते सांगा, शांत चेहऱ्याने लेन्सकडे बघू द्या, चार फ्रेम घ्या आणि सोडा. ज्यात त्यांना सुरक्षित वाटलं तो फोटो त्यांना वर्षानुवर्षं आवडतो. कुणी रडताना हाताने नको अशी खूण केली तर फोटो काढायचा नाही, मग तो कितीही चांगला होणार असो.

फोटो निवडताना

निवड दोन फेऱ्यांत करा. पहिल्या फेरीत फक्त डोळे आणि फोकस बघून बाद करा, भराभर. दुसरी फेरी दुसऱ्या दिवशी, आणि तेव्हा सरावाच्या शूटनंतर त्यांनी काय निवडलं होतं ती यादी शेजारी ठेवा. तुम्हाला भावलेला फोटो आणि त्यांना स्वतःचा सहन होणारा फोटो यांत अंतर असतं. मी उदाहरण दिलं त्या जोडप्याच्या बाबतीत मला तिचा ओठ दाबून हसू आवरतानाचा एक फोटो फार आवडला होता. तो मी पहिल्या संचात घातला नाही, कारण तिला स्वतःची तीच सवय नको होती. पूर्ण संचात मात्र ठेवला.

पहिला संच पंचवीस-तीस फोटोंचा पुरे, आणि तो लवकर पाठवा, कारण बुजणारी माणसं वाट बघताना वाईटाचीच कल्पना करतात. त्यात पहिला फोटो दोघं एकमेकांकडे बघत असलेला ठेवा. माणूस स्वतःचा चेहरा तपासण्याआधी समोरच्याचा बघतो, आणि तिथे थोडा थांबतो. तुमच्या कामाचा नमुना म्हणून इतरांना कुठले फोटो दाखवू शकाल हे मात्र पूर्ण संच त्यांनी बघितल्यावरच विचारा, फोटोगणिक विचारा, आणि नाही म्हणाले तर कारण मागू नका.